उत्तराचा रकाना

माझ्या कामाच्या फायलीत पाच रकाने असतात. पहिल्यात मूळ इंग्रजी वाक्य, दुसऱ्यात माझं मराठी, तिसऱ्यात त्या मराठीचं कुणा तिसऱ्याच माणसाने परत केलेलं इंग्रजी, चौथ्यात तपासणाऱ्याचा शेरा. पाचवा रकाना माझ्याकडे येतो तेव्हा रिकामा असतो. शेऱ्याचं उत्तर तिथे लिहायचं, आणि तेही इंग्रजीत.

‘माझं मराठी आणि इंग्रजी दोन्ही चांगलं आहे, यात काही करिअर होईल का?’ असं विचारणारी मुलं-मुली मला बरीच भेटतात, कारण शनिवारी दुपारी मी भाषांतराचा एक छोटा वर्ग घेते. माझ्या मनात त्यांच्यासाठी हा पाचवा रकानाच असतो. पण तो आधी सांगून उपयोग नाही. पहिल्या चार रकान्यांतून गेल्याशिवाय त्यात काय आहे ते कळत नाही.

मी स्वतः वर्तमानपत्राच्या डेस्कवरून इकडे आले. रात्रपाळीला वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी यायची आणि ती मराठी करून पान सोडायचं. तिथे दोन भाषा लागत, पण एकाच दिशेने. इंग्रजी समजायचं आणि मराठी लिहायचं. मी असा शब्द का वापरला, हे इंग्रजीत कुणाला पटवून द्यायची वेळ सहा वर्षांत एकदाही आली नाही. चूक झालीच तर सकाळी वाचकाचा फोन येई, तोही मराठीत.

आता मी प्रामुख्याने औषधांच्या चाचण्यांची संमतीपत्रं करते. नवीन औषध माणसांवर तपासायचं असेल तर त्या माणसाला आधी सगळं समजावून सांगून त्याची लेखी संमती घ्यावी लागते. आपल्याकडे २०१९च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार ही माहिती तांत्रिक नसलेल्या आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची असते. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी एक निःपक्ष साक्षीदार हजर लागतो. म्हणजे महाराष्ट्रात चाचणी असेल तर इंग्रजी माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत यायला हवं, आणि रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीने ते मंजूर करायला हवं. या कमिटीत किमान सात जण असतात आणि त्यातला एक सामान्य माणूस असावा लागतो, डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ नसलेला. मला तो सदस्य नेहमी आपला वाटतो.

अडचण अशी की चाचणी करणाऱ्या कंपनीत मराठी वाचणारं बहुधा कुणी नसतं. मग माझं मराठी बरोबर आहे हे त्यांना कळणार कसं? त्यासाठी बॅक ट्रान्सलेशन. माझं मराठी दुसऱ्या भाषांतरकाराकडे जातं. त्याला मूळ इंग्रजी दाखवत नाहीत. तो मराठीवरून पुन्हा इंग्रजी करतो, तेही जाणूनबुजून शब्दाला धरून. मग दोन इंग्रजी शेजारी शेजारी ठेवतात, आणि जिथे ती जुळत नाहीत तिथे शेरा पडतो.

पद्धत वाईट नाही. गाळलेलं ‘नाही’, चुकलेला डोस, एकीकडे दिवस आणि दुसरीकडे आठवडे, असल्या गोष्टी ती हमखास पकडते. पण तिची एक खोड आहे आणि ती समजायला मला दोन वर्षं लागली. मराठी जितकं इंग्रजीच्या साच्यातलं, तितकं ते परत इंग्रजीत सरळ जातं. वाईट मराठी या परीक्षेत पहिलं येतं. चांगल्या मराठीवर शेरे पडतात.

एक वाक्य सविस्तर सांगते. औषध कोणतं, आजार कोणता, हे सांगता येणार नाही, करारच तसा असतो. इंग्रजी वाक्याचा अर्थ असा होता : तुम्हाला दोनपैकी एका गटात योगायोगाने टाकलं जाईल (नाणं उडवल्यासारखं). तीनात दोन ‘चान्स’ अभ्यासातलं औषध मिळण्याचा, तीनात एक ‘चान्स’ प्लासिबो मिळण्याचा. प्लासिबो म्हणजे औषध नसलेली, नुसती औषधासारखी दिसणारी गोळी.

माझ्याआधी एका नवशिक्या भाषांतरकाराने हे केलं होतं आणि माझ्याकडे ते तपासायला आलं होतं. त्याने लिहिलं होतं : ‘आपणास यादृच्छिकपणे दोनपैकी एका गटात नियुक्त केले जाईल. आपणास अभ्यास औषध प्राप्त होण्याची तीनपैकी दोन संधी आणि प्लासिबो प्राप्त होण्याची तीनपैकी एक संधी असेल.’ बॅक ट्रान्सलेशन स्वच्छ. ‘संधी’चं परत ‘चान्स’ झालं, ‘यादृच्छिक’चं ‘रँडम’, ‘नियुक्त’चं ‘असाइन’. चौथा रकाना कोरा. काम झालं, असं कुणीही म्हणालं असतं.

मी हे माझ्या मावशीला वाचून दाखवलं. ती सातवी शिकलेली आहे आणि पेपर रोज वाचते. सगळी नावं काढून मी दोनच वाक्यं वाचली. (तेवढंही करारात बसतं का, हे मी वकिलाला विचारलेलं नाही.) ती भाजी निवडत होती. ऐकून म्हणाली, “नोकरीचं आहे का गं हे?”

‘नियुक्त’, ‘संधी’. तिचं काय चुकलं? संधी ही चांगल्या गोष्टीची असते. संधी साधतात, संधी दवडतात. औषध नसलेली गोळी मिळण्याची ‘संधी’ मराठीत असूच शकत नाही. तिथे ‘शक्यता’ लागते. आणि हा केवळ शैलीचा मुद्दा नाही. चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच असतो की हे आपल्या बरं होण्यासाठी खास दिलेले उपचार आहेत. संमतीपत्र असतं ते हा गैरसमज काढायला. त्यात ‘संधी’ घातली की कागदच तो गैरसमज पक्का करतो. म्हणूनच मी या कागदांत ‘उपचार’ हा शब्दही जपून वापरते. ‘चाचणी’चंही तसंच. औषधाची चाचणी आणि रक्ताची चाचणी एकाच पानावर आल्या तर माणूस गोंधळतो, म्हणून रक्ताची नेहमी ‘तपासणी’.

मग ‘यादृच्छिक’. तो शब्द संख्याशास्त्राच्या पुस्तकात शोभतो. इथे त्याच्या जागी नाणं घ्यावं असं मला पहिल्यांदा वाटलं, कारण इंग्रजीतच तसं होतं. ‘नाणेफेक करून ठरवल्याप्रमाणे’, सोपं, सगळ्यांना क्रिकेटमुळे माहीत असलेलं. लिहिलं, आणि पुढच्या ओळीपाशी हात थांबला. नाण्याला दोन बाजू. नाणं उडवलं तर शक्यता निम्मी-निम्मी. खाली तर तीनात दोन आणि तीनात एक म्हटलंय. मूळ इंग्रजीच चुकलं होतं. कुणीतरी निम्म्या-निम्म्या गटांच्या जुन्या अभ्यासातून कंस उचलून इथे चिकटवला होता, आणि तो किती जणांच्या नजरेखालून तसाच गेला असेल देव जाणे.

इंग्रजी वाचणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, कारण ‘नाणं उडवल्यासारखं’ हा त्या भाषेत गुळगुळीत झालेला वाक्प्रचार आहे. डोळा त्यावरून घसरतो. दुसऱ्या भाषेत नेताना मात्र नाणं खरंखुरं हातात घ्यावं लागतं. भाषांतरकार हा मूळ मजकुराचा सर्वात हळू वाचणारा वाचक असतो, आणि कंपनीला त्याचा फायदा होतो तो असा. अर्थात चूक सापडली म्हणून ती परस्पर सुधारायची नसते. मूळ कागद कंपनीचा, त्यावर कमिटीची मंजुरी. मला काम देणाऱ्या भाषांतर एजन्सीला मी इंग्रजीत प्रश्न पाठवला : कंसातला दाखला एकास एक वाटणीचा आहे आणि वाक्य दोनास एकचं, तर मराठीत दाखला बदलू का, आणि इंग्रजीही बदलणार आहात का? चार दिवसांनी उत्तर आलं. इंग्रजी पुढच्या आवृत्तीत बदलू, मराठीत योग्य तो दाखला वापरावा.

मग मी चिठ्ठ्या घेतल्या. पिशवीत तीन चिठ्ठ्या, दोनांवर औषध, एकीवर औषध नसलेली गोळी. ‘प्लासिबो’ शब्द ठेवला, कारण डॉक्टर तोच बोलणार. पण पहिल्याच वेळी शेजारी लिहिलं : ‘औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी’. ‘खोटे औषध’ लिहायचा मोह टाळला. खोटं औषध म्हणजे भेसळीचं, आणि तसल्या गोळीला कोण तयार होईल? पुन्हा मावशी. या वेळी तिने भाजी बाजूला ठेवली.

“मग चिठ्ठी मी उचलायची का डॉक्टरांनी?”

हे मला सुचलंच नव्हतं. चिठ्ठी म्हटली की उचलणारा हात आला. इंग्रजीतल्या ‘योगायोगाने’ला हात नाही, आणि खरं तर चाचणीतही नाही, तिथे संगणक यादी बनवतो. मी आणखी एक वाक्य लिहिलं. शेवटी झालं ते असं :

‘तुम्हाला कोणत्या गटात घ्यायचे हे संगणक ठरवेल. ते तुम्ही किंवा तुमचे डॉक्टर ठरवू शकणार नाहीत. असे समजा की एका पिशवीत तीन चिठ्ठ्या आहेत. दोन चिठ्ठ्यांवर अभ्यासाचे औषध लिहिले आहे आणि एकीवर प्लासिबो, आणि संगणक न बघता त्यातली एक चिठ्ठी उचलतो. म्हणजे तुम्हाला अभ्यासाचे औषध मिळण्याची शक्यता तीनात दोन आहे आणि प्लासिबो मिळण्याची शक्यता तीनात एक.’

मावशीने ऐकलं आणि विचारलं, “पण नंतर तरी डॉक्टरांना कळतं ना, मला कुठली गोळी चालू आहे ते?” पुढचा परिच्छेद नेमका तोच होता : तुम्हालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही, फक्त तातडीची गरज पडली तर ते बघता येईल. वाक्य पोचल्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही. ऐकणारा पुढच्या परिच्छेदाचा प्रश्न स्वतःहून विचारतो.

फाइल परत आली तेव्हा या एका जागी चार शेरे होते. पिशवी कुठून आली? मूळ मजकुरात संगणकाचा उल्लेख नाही. ‘चान्स’चं ‘पॉसिबिलिटी’ का झालं? एका वाक्याची पाच वाक्यं का?

शेरा मारणाऱ्याचा मला राग येत नाही. त्याच्यासमोर फक्त दोन इंग्रजी वाक्यं असतात आणि ती जुळत नसतात. त्याने विचारायलाच हवं. पण या जागी बहुतेक भाषांतरकार काय करतात ते मी पाहिलंय. ते पाचव्या रकान्यात तीन शब्द लिहितात : सूचनेनुसार बदल केला. पिशवी जाते, संगणक जातो, ‘शक्यता’ची ‘संधी’ होते, आणि नोकरीच्या जाहिरातीसारखं ते पहिलं वाक्य पुन्हा जागेवर येतं. त्यांना मराठी येत नाही म्हणून हे होत नाही. त्यांचं मराठी कधीकधी माझ्यापेक्षा सरस असतं. आपल्या मराठीची बाजू, मराठी न येणाऱ्या माणसापुढे, त्याच्या भाषेत, चार ओळींत मांडणं त्यांना जमत नाही, किंवा मांडायची असते हेच माहीत नसतं.

मी काय लिहिलं त्याचा आशय सांगते. ‘संधी’ला मराठीत फक्त चांगला अर्थ आहे, प्लासिबोसाठी तो शब्द वापरला तर वाचक त्याला लाभ समजेल. म्हणून संख्याशास्त्रातल्या संभाव्यतेसाठी रोजच्या मराठीत असलेला तटस्थ शब्द घेतला आहे, परत जाताना तो ‘पॉसिबिलिटी’ होतो, पण अर्थ तोच आहे. ‘रँडम’साठी असलेला पारिभाषिक शब्द सामान्य वाचकाला कळत नाही आणि नियमांना समजणारी भाषा हवी आहे. नाण्याचा दाखला दोनास एकला लागू नाही, त्याबद्दल आपला अमुक तारखेचा खुलासा सोबत जोडला आहे. संगणकाचं वाक्य अभ्यासाच्या आराखड्याशी जुळतं, आणि ते नसेल तर चिठ्ठी कोण काढतो असा प्रश्न वाचकाला पडतो. यात ‘मराठीत असंच म्हणतात’ हे वाक्य कुठेही नाही. ते वाक्य खरं असलं तरी समोरच्याला त्याचा पडताळा घेता येत नाही. त्याला कारण द्यावं लागतं, आणि न पटल्यास काय बिघडेल तेही. तीन शेरे मिटले. चौथ्यावर, लांबीवर, मी एक वाक्य कमी केलं. देवाणघेवाण असतेच.

काही गोष्टी तर पलीकडून दिसतच नाहीत. संमतीपत्राच्या शेवटी ‘मी’ने सुरू होणारी पाच-सहा वाक्यं असतात. मराठीत ‘मी संमती देतो’ म्हटलं की सही करणारी बाई अडखळते, ‘देतो/देते’ केलं की कागद सरकारी फॉर्म होतो. मी ही वाक्यं अशी वळवते की क्रियापदाला ‘मी’कडे बघावंच लागू नये : ‘मी ही माहिती वाचली आहे’, ‘मला प्रश्न विचारायला वेळ मिळाला’, ‘माझी संमती आहे’. मराठीत सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळाची आणि ‘मला’ची रचना आयती आहे, बाई-पुरुष दोघेही तेच वाक्य वाचतात. बॅक ट्रान्सलेशनमध्ये याचा मागमूस नसतो, इंग्रजीत ‘आय’ला लिंगच नाही. चुकीचं केलं असतं तरी कुणाला दिसलं नसतं. हे आपलं आपण करायचं, शेऱ्याची वाट न बघता.

शनिवारच्या वर्गात मी म्हणून उलटा खेळ घेते. ८ फेब्रुवारी २०२३ला रिझर्व्ह बँकेने रेपो दर २५ बेसिस पॉइंटने वाढवून ६.२५वरून ६.५० टक्के केला. ही बातमी एकजण मराठीत लिहितो, दुसरा ती इंग्रजीत परत नेतो, तिसरा फक्त दोन इंग्रजी बघून शेरे मारतो. परवा एका मुलीने छान लिहिलं होतं : ‘रेपो दर पाव टक्क्याने वाढून साडेसहा टक्के’. शेरा आला, बेसिस पॉइंट गाळले. दुसरा शेरा जास्त टोकदार होता : सव्वासहाचा पाव टक्का म्हणजे किती, दर तर त्याहून खूप जास्त वाढलाय. हिशेबाने तो शेरा बरोबर होता, सव्वासहावरून साडेसहा ही खरं तर चार टक्क्यांची वाढ. ती मुलगी गडबडली आणि खोडून ‘२५ आधार बिंदूंनी’ लिहायला लागली. मी म्हटलं, थांब, बदलू नकोस, उत्तर लिही. तिला अर्धा तास लागला. शेवटी तिने इंग्रजीत लिहिलं की मराठीत व्याजदराच्या संदर्भात ‘पाव टक्का’ म्हणजे दराच्या आकड्यात पडलेली पावाची भर असंच समजतात, आणि संदिग्धता राहू नये म्हणून आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही दर वाक्यात घालते. तिच्या पहिल्या मराठी वाक्यात सव्वासहा नव्हतं, ते तिने मग घातलं. शेऱ्याने वाक्य सुधारलं आणि पाव टक्काही टिकला.

पैशाचंही थोडं सांगते, कारण विचारायला लाजतात. भाषांतराचा दर शब्दावर असतो, आणि तो मूळ इंग्रजीच्या शब्दांवर ठरवून घ्यावा. इंग्रजीत ‘ऑन द ॲडव्हाइस ऑफ युअर डॉक्टर’ हे सहा शब्द, मराठीत ‘तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने’ हे तीन. आपली भाषा प्रत्यय शब्दाला चिकटवते आणि मराठी शब्द मोजून बिल लावलं की आपणच आपला खिसा कापतो. पाचव्या रकान्याचे शब्द कुणी मोजत नाही, तिथे तासाचा दर मागावा लागतो. शेऱ्यांना नीट उत्तरं देणाऱ्याकडे पुढे दुसऱ्यांची भाषांतरं तपासायला येतात, आणि तेही काम तासावर असतं. माझं तसंच झालं. तपासणाऱ्यांची शिकवणी घ्यायचं कामही त्यातूनच आलं.

गेल्या महिन्यात एका नव्या अभ्यासाची फाइल आली. एजन्सीच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्सलेशन मेमरी असते. आधी केलेली वाक्यं साठवलेली, मिळतंजुळतं इंग्रजी आलं की जुनं मराठी समोर. उघडली तर माझीच पिशवी. ९४ टक्के जुळणी, म्हणजे या वाक्याचा दर पूर्ण दराच्या काही हिश्शाने. इंग्रजीत फक्त आकडे बदलले होते. पण हा अभ्यास एकास एक वाटणीचा होता. घाईत कुणी होकाराचं बटण दाबलं असतं तर निम्म्या शक्यतेच्या चाचणीत तीन चिठ्ठ्या गेल्या असत्या, आणि सगळं मंजूर मराठी म्हणून.

इंग्रजीतल्या कंसात या वेळीही नाणं होतं, आणि या वेळी ते बरोबर होतं. मी पिशवी काढली, संगणकाचं वाक्य ठेवलं आणि नाणं लिहिलं. काल फाइल परत आली. चौथ्या रकान्यात शेरा : मंजूर भाषांतरात इथे तीन चिठ्ठ्या होत्या, त्या का काढल्या? सुसंगती राखावी.

पाचव्या रकान्यात कर्सर लुकलुकतोय. पहिलं वाक्य लिहून झालंय : कारण या अभ्यासात नाण्याच्या दोन बाजू पुरतात.